ट्रॅपिस्ट मठांची गडद बिअर : मद्यार्क जास्त, तरी मृदू कशी?

बेल्जियम आणि नेदरलँड्समधील काही ख्रिस्ती मठांत तयार होणाऱ्या गडद बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण 9 ते 11 टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे बाजारातील साध्या लागर बिअरच्या जवळजवळ दुप्पट. तरीही नीट बनलेली ही बिअर पिणाऱ्याला घशात जाळ जाणवत नाही आणि तिची गोडीही चिकट वाटत नाही. या मृदुतेचे श्रेय अनेकदा मठाच्या जुन्या परंपरेला किंवा एखाद्या गुप्त पाककृतीला दिले जाते. प्रत्यक्षात साखर, यीस्ट, तापमान आणि मुरवण या चार गोष्टी कशा हाताळल्या जातात यावर ती अवलंबून असते, आणि बाटली फोडून पेला भरण्याची रीत हा त्याच प्रक्रियेचा शेवटचा टप्पा ठरतो. हा संबंध तपासताना बेल्जियममधील वेस्टव्लेटरेन येथील सेंट सिक्स्टस मठाची ‘वेस्टव्लेटरेन 12’ ही बिअर मुख्य उदाहरण म्हणून घेणे सोयीचे आहे, कारण तिची घडण तुलनेने साधी आहे आणि तिच्याविषयीची माहितीही बरीच उपलब्ध आहे.

मठ आणि बिअर यांचे नाते

सेंट बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीनुसार मठवासीयांनी स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगावे अशी अपेक्षा असते. या नियमावलीचे काटेकोर पालन करणाऱ्या सिस्टर्शियन पंथीयांना, फ्रान्समधील ला त्राप या मठात सतराव्या शतकात झालेल्या सुधारणेवरून, ट्रॅपिस्ट म्हटले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत मोडलेले मठ एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभे राहिले, तेव्हा शेती आणि चीजबरोबर बिअर हेही उपजीविकेचे साधन झाले. सेंट सिक्स्टस मठ 1831 मध्ये स्थापन झाला आणि काही वर्षांतच तेथे बिअर तयार होऊ लागली. स्कूरमाँ मठाची शिमे ही ब्रुअरी 1862 मध्ये सुरू झाली. ‘ट्रॅपिस्ट’ हे नाव आज केवळ शैली दर्शवत नाही. 1997 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटनेच्या अटींनुसार बिअर मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली तयार व्हावी लागते आणि उत्पन्न मठाच्या गरजांसाठी व दानधर्मासाठी वापरावे लागते. मठाबाहेरील ब्रुअरीने त्याच धर्तीवर केलेल्या बिअरला ‘अ‍ॅबी’ बिअर म्हणतात. वाटू येथील सेंट बर्नार्डस ब्रुअरी 1946 पासून 1992 पर्यंत वेस्टव्लेटरेनच्या परवान्याने बिअर बनवत होती आणि आजही ती त्याच वळणाची ‘आब्ट 12’ ही बिअर स्वतःच्या नावाने विकते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मठवासी स्वतः रोज इतकी तीव्र बिअर पितात, असे नव्हे. वेस्टमाले मठाची ‘एक्स्ट्रा’ आणि शिमेची ‘डोरे’ या सुमारे 4.8 टक्क्यांच्या हलक्या बिअर मुळात मठातील जेवणासाठी होत्या. तीव्र गडद बिअर प्रामुख्याने विक्रीसाठी आणि सणासुदीसाठी विकसित झाली. बेल्जियममध्ये 1919 च्या एका कायद्याने मद्यगृहांत जेनेव्हरसारख्या ऊर्ध्वपातित दारूच्या विक्रीवर बंदी आली, आणि त्यामुळे तीव्र बिअरला गिऱ्हाईक वाढले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या गटातील सर्वांत तीव्र बिअरला आज ‘क्वाड्रुपेल’ म्हणतात. हे नाव मात्र फार जुने नाही, ते नेदरलँड्समधील कोनिंगशूवेन मठाने 1991 मध्ये आपल्या ‘ला ट्राप’ बिअरसाठी रूढ केले.

साखरेची भूमिका

बिअरची सुरुवात माल्टपासून होते. मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट. ते दळून गरम पाण्यात मुरवले की त्यातील पिष्टाची शर्करा होते आणि जो गोड अर्क मिळतो त्याला वॉर्ट म्हणतात. यीस्ट हा सूक्ष्मजीव ही शर्करा खातो आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करतो. त्यामुळे अधिक मद्यार्क हवा असेल तर वॉर्ट अधिक दाट घ्यावा लागतो, हे उघड आहे. अडचण अशी की माल्टपासून मिळणारी सगळी शर्करा यीस्टला पचत नाही. लांब साखळ्यांचे काही रेणू, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, ते तसेच शिल्लक राहतात आणि बिअरला जडपणा देतात. केवळ माल्टवर 10 टक्के मद्यार्काची बिअर केली तर ती बहुधा दाट, गोड आणि जिभेला चिकटणारी होते. अशी बिअर अर्ध्या पेल्यानंतर नकोशी वाटते.

वेस्टव्लेटरेन 12 चे आकडे ही गोष्ट स्पष्ट करतात. किण्वनापूर्वी तिच्या वॉर्टची विशिष्ट घनता सुमारे 1.090 असते, म्हणजे पाण्याचे एक लीटर 1000 ग्रॅम मानले तर या वॉर्टचे एक लीटर 1090 ग्रॅम भरते आणि त्यात सुमारे 235 ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात. किण्वन संपल्यावर घनता सुमारे 1.012 ते 1.013 पर्यंत उतरते. ब्रुअरांच्या मोजमापात याला सुमारे 86 टक्के ‘अटेन्युएशन’ म्हणजे घनतेतील घट म्हणतात. घनतेतील 77 अंकांच्या या उतारातून साधारण 10.2 टक्के मद्यार्क तयार होतो. हीच घट 73 टक्क्यांवर थांबली असती तर शेवटची घनता 1.024 च्या आसपास राहिली असती, मद्यार्क पावणेनऊ टक्क्यांच्या आत राहिला असता, आणि तरीही बिअर कितीतरी जड लागली असती. म्हणजे मद्यार्क वाढणे आणि तरीही बिअर हलकी वाटणे हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत : यीस्टने जवळजवळ सगळे खाऊन संपवले आहे.

ही घट साधण्यासाठी माल्टच्या जोडीला साधी साखर वापरली जाते. बेल्जियममध्ये बीटपासून काढलेल्या साखरेचा पाक या कामासाठी वापरतात. ती यीस्टला पूर्ण पचते आणि मागे काहीच ठेवत नाही. दाट गडद बिअरमध्ये एकूण किण्वनयोग्य पदार्थांपैकी साधारण 10 ते 20 टक्के वाटा साखरेचा असतो. याहून अधिक साखर घातली तर दुसरा दोष उद्भवतो : साखरेत नायट्रोजनयुक्त पोषक द्रव्ये नसल्याने यीस्टची उपासमार होते, किण्वन अडखळते आणि बिअर पातळ, आंबट वाइनसारखी आणि मद्यार्काचा झोंबरेपणा उघडा पाडणारी होते.

रंगाचा प्रश्नही येथेच सुटतो. ही बिअर काळी दिसते म्हणून ती स्टाउटसारखी भाजलेल्या माल्टची असावी असे वाटते, पण तसे नाही. वेस्टव्लेटरेन 12 मध्ये फिकट माल्टच मुख्य असतो आणि गडद रंगाचा मोठा वाटा जाळून तपकिरी केलेल्या साखरेच्या पाकाचा असतो. जळक्या धान्याचा कॉफीसारखा कडवटपणा त्यामुळे येत नाही. त्याऐवजी मनुका, अंजीर आणि काकवी यांची आठवण करून देणारे स्वाद मिळतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले, यांचा वापरही माफक असतो. कडवटपणा असतो खरा, पण तो गोडी तोलण्यापुरता. पुढे येऊन लक्ष वेधून घेण्याइतका नव्हे.

यीस्ट आणि तापमान

मद्यार्काचा झोंबरेपणा केवळ इथेनॉलचा नसतो, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे. किण्वनात इथेनॉलखेरीज फ्यूजेल अल्कोहोल नावाचे जड मद्यार्कही अल्प प्रमाणात तयार होतात. त्यांचा वास तिखट, रंगाच्या थिनरकडे झुकणारा असतो आणि घशात जळजळ तेच अधिक करतात. यीस्ट वाढीच्या काळात, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत, पेशींची संख्या झपाट्याने वाढत असताना हे पदार्थ सर्वाधिक बनतात, आणि त्या वेळी वॉर्ट उष्ण असेल तर त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून मठांच्या ब्रुअरींत किण्वन थंड बाजूने सुरू होते आणि मग हळूहळू गरम होऊ दिले जाते. वेस्टव्लेटरेनमध्ये वॉर्ट सुमारे 20 अंश सेल्सियसला यीस्टच्या स्वाधीन केला जातो. किण्वनाची स्वतःचीच उष्णता त्याला काही दिवसांत 28 अंशांच्या आसपास नेते, आणि हे प्राथमिक किण्वन साधारण चार ते सहा दिवसांत आटोपते. सुरुवातीची थंडी फ्यूजेल आवरते. शेवटची ऊब थकत चाललेल्या यीस्टला उरलेली साखर संपवायला लावते.

याच ऊबेमुळे यीस्ट फळांच्या वासाची संयुगे तयार करते, ज्यांना एस्टर म्हणतात. त्यांपैकी एकाचा वास स्पष्टपणे पिकलेल्या केळ्याचा असतो. बेल्जियन यीस्टच्या काही जाती लवंगेसारखा वास देणारे फिनॉलही बनवतात. हे गंध मद्यार्कावर पांघरूण घालतात, कारण नाकाला फळ आणि मसाला जाणवत असताना मद्यार्काची तीव्रता मागे राहते. यीस्टची जात त्यामुळे या ब्रुअरींचा खरा ठेवा ठरते : शिमेतील फादर थिओडोर यांनी लूव्हेनच्या प्राध्यापक जाँ द क्लेर्क यांच्या सहकार्याने 1948 मध्ये मठाच्या यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले, तर वेस्टव्लेटरेन आपले यीस्ट वेस्टमाले मठाकडून आणते.

उलट बाजूने, तीव्र गडद बिअरला मृदू करण्याची ही एकच वाट नाही. म्युनिकमधील मठपरंपरेतून आलेली ‘डोपलबॉक’ ही बिअर, जिचे ‘साल्वाटोर’ हे नाव आजही पाउलानर ब्रुअरी वापरते, सुमारे 10 अंशांच्या थंडीत संथपणे किण्वित होते आणि मग गोठणबिंदूच्या जवळ अनेक आठवडे मुरते. तेथे मृदुता थंडीतून आणि माल्टच्या भरघोस गोडीतून येते, फळांच्या गंधातून नव्हे. मात्र या मार्गाने मद्यार्क साधारण 7 ते 8 टक्क्यांवर थांबवणे पसंत केले जाते, कारण गोडी आणि जडपणा त्यापुढे आवरत नाहीत.

मुरवणे आणि बाटलीतले किण्वन

प्राथमिक किण्वनानंतरची बिअर चवीला कच्ची असते. वेस्टव्लेटरेन 12 ही सुमारे 10 अंशांच्या थंडीत आठ ते दहा आठवडे टाक्यांत ठेवली जाते, तेव्हा यीस्ट तळाशी बसते, लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास देणारे अपक्व पदार्थ त्याच यीस्टकडून नाहीसे होतात आणि गंध एकमेकांत मिसळतात. त्यानंतर बाटलीत भरताना बिअरमध्ये थोडी साखर आणि ताजे यीस्ट घालतात, व बाटल्या उबदार खोलीत ठेवून त्यांत पुन्हा लहानसे किण्वन घडवतात. यात लीटरमागे 8 ते 10 ग्रॅम साखर पुरते. तिच्यापासून बनलेला वायू बाटलीतच अडकून बिअर भरपूर फसफसती होते. या बिअरच्या एक लीटरमध्ये, सामान्य दाबाने मोजल्यास, 3 लीटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. सामान्य लागरमध्ये तो साधारण अडीच लीटर असतो.

हे बुडबुडे केवळ सजावटीचे नसतात. ते जिभेवरची गोडी पुसत जातात, त्यामुळे दाट बिअरही कोरडी वाटते. वर येताना ते गंध नाकापर्यंत पोहोचवतात. शिवाय बाटलीतील जिवंत यीस्ट आत शिरलेला ऑक्सिजन वापरून टाकते, म्हणून बिअर अनेक वर्षे टिकते. वर्षांगणिक हॉप्सचा कडवटपणा आणि फळांचा टवटवीतपणा मावळत जातो आणि मदेरा वाइनसारखी, सुकामेव्याकडे झुकणारी चव उमलते. हा बदल प्रत्येकालाच आवडेल असे नाही, आणि ज्याला फळांचा टवटवीतपणा हवा असेल त्याने बिअर पहिल्या वर्षातच प्यावी.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

ही शैली वरवर सोपी भासली तरी तिच्यातील दोष लपत नाहीत. नेलपॉलिश किंवा थिनरचा वास आणि घशात जळजळ आढळली तर किण्वन सुरुवातीलाच गरम झाले किंवा यीस्ट कमी पडले असावे. गूळपाकासारखी चिकट गोडी राहिली तर किण्वन अर्धवट थांबले, असे समजावे. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव किंवा सोया सॉसची आठवण देणारा वास हा ऑक्सिजनचा आणि उष्ण साठवणीचा परिणाम असतो. उष्ण प्रदेशांत दूरवरून आलेल्या बाटल्यांत तो विशेष आढळतो. उघडताच बिअर फवाऱ्यासारखी उसळली तर भरताना साखर जास्त पडली, संसर्ग झाला किंवा बाटली नुकतीच हलली वा तापली असे तीन संभव असतात. बाटली आधी शांत ठेवून थंड केल्यावर शेवटच्या कारणाची शक्यता संपते.

पेला भरण्याची रीत

पहिला प्रश्न तापमानाचा असतो. फ्रिजमधील 4 अंशांची बिअर थंडगार लागते, पण त्या थंडीत एस्टरचे गंध नाकापर्यंत पोहोचत नाहीत आणि यीस्टने व साखरेने केलेली सारी कमाई फुकट जाते; उलट 18 अंशांच्या वर मद्यार्काची वाफ पुढे येते, वायू निसटतो आणि दडपलेला झोंबरेपणा उघडा पडतो. म्हणून 10 ते 14 अंश हा मध्यम पल्ला योग्य मानला जातो. बेल्जियममधील तळघराचे तापमान जवळजवळ तेवढेच असते, म्हणून तेथे ‘तळघरातून काढून द्यावी’ हा नियम पुरतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र हा नियम उपयोगाचा नाही. तेथे बाटली फ्रिजमधून काढून साधारण अर्धा तास बाहेर ठेवणे आणि मग पेल्यात तिला उरलेली ऊब घेऊ देणे अधिक व्यवहार्य आहे. बर्फ किंवा फ्रीझरमध्ये गोठवलेला पेला अर्थातच टाळावा.

दुसरी गोष्ट पेल्याची आहे. पारंपरिक पेला म्हणजे जाड दांड्याचा, रुंद तोंडाचा चषक. त्यात भरघोस फेस मावतो, गंध पसरतो आणि तळहाताची ऊब देता येते. मठाचा छाप असलेला खास पेला नसल्यास वाइनचा मोठा, पोट असलेला पेलाही चालतो. पेला तेलकट किंवा साबणाचा अंश असलेला नसावा, कारण स्निग्धता फेस मोडते. काचेच्या भिंतीला जागोजाग बुडबुडे चिकटले तर तो नीट धुतला गेलेला नाही असे ओळखावे. ओतण्यापूर्वी पेला थंड पाण्याने विसळला तर फेस आवाक्यात राहतो.

तिसरी आणि सर्वांत अधिक काळजीची पायरी ओतण्याची असते, कारण बाटलीच्या तळाशी यीस्टचा थर असतो. बाटली निदान एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे हा थर घट्ट बसतो. पेला सुमारे 45 अंशांत तिरका धरून काठावरून सावकाश ओतायला सुरुवात करावी, अर्धा भरल्यावर तो सरळ करावा, म्हणजे दोन-तीन बोटे फेस येतो, आणि बाटलीत अखेरची साधारण एक सेंटीमीटर बिअर राहिल्यावर थांबावे. मध्येच बाटली उभी केली तर द्रव मागे हेलकावून तळाचा गाळ ढवळतो, म्हणून ओतणे एका सलग धारेत होणे आवश्यक आहे. दोघे-तिघे बाटली वाटून घेणार असतील तर पेले एका ओळीत ठेवावेत आणि बाटली आडवी ठेवूनच एका पेल्यावरून दुसऱ्याकडे न्यावी. गाळ अपायकारक नसतो; तो घातल्यास बिअर गढूळ होते आणि यीस्टची ब्रेडसारखी, किंचित कडवट चव येते, म्हणून बेल्जियममध्ये काही जण तो वेगळ्या छोट्या पेल्यात घेतात.

बेल्जियममध्ये या बिअरबरोबर मठातील चीज किंवा बिअरमध्ये शिजवलेले गोमांस दिले जाते. थोडे कडवट चॉकलेटही तिच्याशी चांगले जुळते. मिरचीचा जोरदार तिखटपणा मात्र तिच्याशी जमत नाही : तोंडातील उष्णता ओळखणारा जो ग्राहक मिरचीने चेततो तोच मद्यार्कानेही चेततो, त्यामुळे झणझणीत मिसळ किंवा तांबड्या रश्श्याबरोबर मृदुता नाहीशी होऊन केवळ जाळ उरतो.

मृदुतेचा हिशोब

शेवटी, ही मृदुता पिणाऱ्याला फसवू शकते, हे ध्यानात ठेवणे जरुरीचे आहे. 330 मिलीलीटरच्या 10.2 टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे 34 मिलीलीटर शुद्ध मद्यार्क असतो, 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलीलीटर पेगमध्ये तो सुमारे 26 मिलीलीटर आणि 5 टक्क्यांच्या 330 मिलीलीटर लागरमध्ये साधारण साडेसोळा मिलीलीटर असतो. जीभ ‘ही हलकी आहे’ असे सांगत असताना शरीरात मोठ्या पेगपेक्षा अधिक मद्यार्क गेलेला असतो. म्हणून एका व्यक्तीला एका बैठकीत एकच बाटली, सावकाश आणि जेवणासोबत, पुरेशी मानावी. दोघांत एक वाटून घेतली तर अधिक बरे, आणि त्यानंतर वाहन चालवू नये.